सर्वांत जवळचं पुरेसं इस्पितळ

आमच्या कॉलनीतल्या निम्म्या घरांतली मुलं आता परदेशात आहेत, त्यामुळे उन्हाळा लागला की आईबापांची तिकडे जायची धांदल सुरू होते. लोणची बांधली जातात, स्वेटर उसने आणले जातात, आणि प्रवासाच्या विम्याचा कागद घेऊन कुणीतरी माझ्याकडे येतं. मी विमा विकत नाही, मी रसायनशास्त्र शिकवत होते. पण कधीतरी एकदा मी या विषयावर एका लग्नाच्या पंगतीत तावातावानं बोलले होते, तेव्हापासून लोकांनी मला त्यातली जाणकार ठरवून टाकलं आहे. प्रश्न एकच असतो. ‘यात रुग्णाला विमानानं हलवण्याचं लिहिलंय. म्हणजे तिकडे काही झालं तर आपल्याला विमानात घालून थेट नागपूरला आणतील ना?’

नाही आणणार, असं मी सांगते. लोकांना ते आवडत नाही. विमा म्हणजे घरी पोचवायची हमी, अशी आपली समजूत. पण त्या कागदात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते वेगळं. जिथे तुम्ही आजारी पडलात तिथे पुरेसा उपचार होत नसेल, तरच तुम्हाला हलवायचं, आणि तेही सर्वांत जवळच्या पुरेशा इस्पितळात. घर पुढे, प्रकृती सावरल्यावर. आणि हलवायचं की नाही हे तुमचा मुलगा ठरवत नाही, तुम्हीही ठरवत नाही. तिथला उपचार करणारा डॉक्टर आणि विम्याच्या मदत केंद्रातला डॉक्टर, हे दोघं फोनवर बोलून ठरवतात. या दोघांच्या एका बोलण्यावर माणूस जगतो किंवा मरतो, हे मला पंगतीत कुणी शिकवलं नव्हतं. मी ते नागपूरच्या एका इस्पितळात उभं राहून ऐकलं होतं.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. माझ्या शिकायच्या वर्षांत एम.एस्सी. रसायनशास्त्र करणाऱ्यांना जर्मन शिकायची पद्धत होती, कारण जुनी संशोधनाची मासिकं त्या भाषेत. बहुतेकांनी ती परीक्षेपुरती शिकली आणि परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरली. माझं डोकं आधीपासून तिरकं. मी शिकतच राहिले, आणि पुढे संध्याकाळी त्याच भाषेचा वर्गही घ्यायला लागले. घरी हातमाग चालायचे, आजी विचारायची, ‘हे कोणत्या देवाचं स्तोत्र म्हणून राहिली वं?’ माझं जर्मन मात्र पुस्तकी होतं. ऑक्सिजन, दाब, द्रावण हे सगळं मला यायचं. उशीला काय म्हणतात ते आठवायचं नाही.

म्हणून एका सकाळी मी शिकवायचे त्या कॉलेजच्या ऑफिसात माझ्यासाठी फोन आला तेव्हा मी हसलेच होते. शहरातल्या एका खासगी इस्पितळातून बोलत होते. कान्ह्याचे वाघ बघून परतणारं एक जर्मन जोडपं, शिवनीच्या रस्त्यावर गाडी ट्रकला घासून झाडावर गेलेली. बाईंना खरचटलंय, गृहस्थांच्या छातीला जबर मार. बाईंना इंग्रजी जेमतेम येतं, गृहस्थ बोलण्याच्या स्थितीत नाहीत. याल का?

गेले. एप्रिलचं ऊन होतं आणि इस्पितळाच्या व्हरांड्यात कूलरचा घरघराट. बाई साठीच्या आसपासच्या, उंच, मनगटाला पट्टी. मी त्यांच्या भाषेत बोलायला लागले तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. त्यांचे यजमान सेवानिवृत्त शाळामास्तर होते. आयुष्यभर पोरांना नकाशावर हिंदुस्थान दाखवला, एकदा डोळ्यांनी पाहायचा होता, म्हणून दोघं आले होते. बाईंच्या पर्समध्ये विम्याचं घडी घातलेलं पत्र होतं आणि त्यावर चोवीस तास चालणाऱ्या मदत केंद्राचा नंबर. आदल्या रात्रीच त्यांनी कॉल बुक करवला होता. ‘विमान येईल,’ त्या मला म्हणाल्या. ‘आमच्याकडे विमानाचा विमा आहे.’

त्यांना एवढंच हवं होतं. नवरा जिवंत घरी न्यायचा होता.

सर्जनसाहेबांना मी ओळखत होते. नागपुरात त्यांना कोण ओळखत नव्हतं? महाल भागातल्या जुन्या घराण्यातले, विलायतेहून मोठी पदवी घेऊन आलेले. तिकडे नोकरी मिळत होती, मुंबईत तर पायघड्या घातल्या असत्या. ते परत नागपूरला आले आणि म्हणाले, विदर्भातल्या माणसानं का म्हणून प्रत्येक दुखण्याला मुंबईची वाट धरायची? देणग्या गोळा करून त्यांनी हे इस्पितळ उभं केलं होतं. अतिदक्षता विभाग काढला, परदेशातून श्वास देणारं यंत्र आणलं. त्यांच्या हातून गरिबांची पोरं बरी होऊन घरी गेली आहेत. हे सगळं मी आधी लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणी त्यांना कसाई म्हणेल. कसाई ते नव्हते. त्यांना मुंबईचं वावडं होतं, आणि आम्हा विदर्भवाल्यांना ते वावडं दुधाबरोबरच मिळतं. मलाही आहे.

मास्तरांच्या डाव्या बाजूच्या बऱ्याच बरगड्या मोडल्या होत्या. फुप्फुसाला भोक पडून छातीत हवा साचली होती. सर्जनसाहेबांनी ताबडतोब छातीत नळी घालून ती हवा काढली होती. काम उत्तम झालं होतं, पुढे मदत केंद्रातल्या जर्मन डॉक्टरानंही तसं कबूल केलं. मास्तर ऑक्सिजनवर होते, पण स्वतःचा श्वास स्वतः घेत होते. मला बघून त्यांनी क्षीण आवाजात विचारलं, की नागपूर हिंदुस्थानच्या नेमकं मधोमध आहे हे खरं का? मी हो म्हटलं. त्यांना बरं वाटलं.

दुपारी म्युनिचहून, त्या मदत केंद्रातून, फोन आला. सर्जनसाहेबांच्या खोलीत आम्ही चौघं होतो: ते, बाई, मी आणि भूल देणारे तरुण डॉक्टर, ज्यांच्याकडे अतिदक्षता विभागाचं काम होतं. पलीकडचा मदत केंद्रातला डॉक्टर इंग्रजीत बोलत होता आणि लाइन वाईट असल्यामुळे ओरडत होता, त्यामुळे खोलीतल्या सगळ्यांना दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

त्यानं आधी नळीबद्दल विचारलं, मग नाडी, रक्तदाब, लघवी. मग तो मुद्द्यावर आला. म्हणाला, आज रुग्ण चांगला दिसतोय, पण मार लागलेली फुप्फुसं लगेच बिघडत नाहीत. ती दोन-तीन दिवसांत पाण्यानं भरू शकतात. तसं झालं तर त्याला कित्येक दिवस यंत्रानं श्वास द्यावा लागेल, आणि रक्तातला ऑक्सिजन किती आहे हे दिवसातून अनेकदा मोजावं लागेल. तुमच्याकडे ते होतं का? होत असेल तर त्याला मुळीच हलवू नका. विमान म्हणजे काही इस्पितळ नव्हे, उंचावर छातीत उरलेली हवा फुगते, धक्के बसतात, अशा माणसाला आकाशापेक्षा खाट बरी. पण होत नसेल तर आत्ताच सांगा, कारण आज तो हलवण्याजोगा आहे. मुंबईहून एक छोटं भाड्याचं विमान डॉक्टर आणि ऑक्सिजन घेऊन उद्या सकाळी पोचू शकतं. कमी उंचीवरून उडेल. फुप्फुसं भरल्यावर मात्र ते विमान उपयोगाचं नाही, त्यात श्वास देणारं यंत्र नसतं.

सर्जनसाहेब इतका वेळ नीट मान हलवत ऐकत होते. ‘मुंबई’ म्हटल्याबरोबर त्यांची मान थांबली.

‘काहून मुंबई?’ असं ते पुटपुटले, फोनमध्ये नव्हे, आमच्याकडे बघून. मग फोनमध्ये इंग्रजीत म्हणाले, ‘तुम्ही त्याला जर्मनीला नेणार असं मला सांगण्यात आलं होतं.’

‘नंतर,’ पलीकडून आवाज आला. ‘आधी सर्वांत जवळचं पुरेसं इस्पितळ. ते मुंबईत आहे. तुमचं पुरेसं असेल, तर तुमचंच.’

मी आजही शपथेवर सांगते, जर्मनी म्हटलं असतं तर सर्जनसाहेबांनी स्वतः स्ट्रेचरला खांदा दिला असता. शालश्रीफळ देऊन पाठवणी केली असती. जर्मनीशी कुणाची स्पर्धा असते? पण त्या माणसानं त्यांना मुंबईच्या मापानं मोजलं आणि विचारलं, तुम्ही पुरता का?

सर्जनसाहेब म्हणाले, ‘आमच्याकडे व्हेंटिलेटर आहे. सर्व सोयी आहेत.’

‘कित्येक दिवस चालवता येईल? रक्ताची तपासणी?’

‘सर्व सोयी,’ सर्जनसाहेब म्हणाले.

भूलवाले डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते. पलीकडच्या माणसानं पुन्हा विचारलं नाही. मग म्हणाला, उपचार करणारे तुम्ही, रुग्ण तुम्ही पाहताय, मी नाही. तुमचा शब्द मी मानतो. उद्या फोन करीन. आणि त्यानं बाईंना फोनवर घेऊन त्यांच्या भाषेत तेच समजावलं. बाईंनी ‘हो, हो’ म्हटलं आणि रिसीव्हर ठेवून माझ्याकडे पाहिलं.

‘विमान येणार नाही म्हणतात. इथेच सगळं आहे म्हणतात. खरंच आहे का?’

मी म्हटलं, मी विचारते.

भूलवाल्यांना मी व्हरांड्यातच गाठलं. बिचारे टाळाटाळ करणारे नव्हते. दबक्या आवाजात म्हणाले, ‘ताई, मशीन आहे. पण ते ऑपरेशन झालेल्या पेशंटले रात्रभर ठेवासाठी. दिवसच्या दिवस कोणाले ठेवलं नाही आजवर. रक्तातला ऑक्सिजन मोजाचं यंत्र तर नाहीच. मी ओठ पाहतो, नखं पाहतो, अन् अंदाज करतो.’

‘मग तुम्ही बोलला का नाहीत?’

‘सरांसमोर?’ ते म्हणाले.

मी रसायनशास्त्राची मास्तरीण. अंदाजानं मी पोरांना प्रयोगशाळेतलं साधं अनुमापनही करू दिलं नव्हतं कधी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सर्जनसाहेबांच्या खोलीत परत शिरले, आणि तिथे जे बोलले ते मोठ्यानं बोलले, बाहेर उभ्या आयांनीही ऐकलं.

‘सर, रक्तातला वायू मोजायचं यंत्र इथे नाही. तुम्ही सर्व सोयी आहेत असं का सांगितलं?’

‘मॅडम, तुम्ही भाषांतर करा. मेडिसिन मी पाहून घेतो.’

‘पण तो विचारत होता—’

‘तो मुंबईचं विचारून राहिला होता!’ त्यांनी टेबलावर हात आपटला. ‘इथं आम्ही काय गवत उपटून राहिलो? या माणसाले रस्त्यावरून उचलून कोणी आणलं? नळी कोणी घातली? तो जिता आहे तो नागपूरच्या जिवावर. अन् बरा झाला की पेपरवाले लिहितील, मुंबईले नेल्यानं बरा झाला. आपलं कधी नाव निघाचं?’

मी म्हटलं, ‘वहिनींच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन कुठे झालं, सर?’

हे मी बोलायला नको होतं असं त्या वेळी खोलीत सगळ्यांना वाटलं. मला वाटलं नाही. त्यांच्या पत्नीचं ऑपरेशन मुंबईत झालं होतं हे सारं गाव जाणत होतं, आणि त्यात गैर काहीच नव्हतं, नागपुरात तेव्हा ते होतच नव्हतं.

‘ते वेगळं,’ ते म्हणाले. मग आवाज खाली आणून पुन्हा म्हणाले, ‘ते वेगळं होतं.’

बाईंना मी जसंच्या तसं सांगितलं: यंत्र आहे, मोजमाप नाही, अनुभव थोडा. त्यांनी पुन्हा म्युनिचला कॉल बुक केला. लागला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. मदत केंद्राच्या डॉक्टरानं सर्जनसाहेबांना परत मागितलं, कारण नियम तोच होता, भाषांतर करणाऱ्या बाईच्या सांगण्यावरून विमान उडत नाही. बाईंनी स्वतः विमान भाड्यानं घेतलं असतं तर तो खर्च विम्यानं दिला नसता, आणि तो भाग सोडला तरी ज्याच्या ताब्यात रुग्ण आहे त्याच्या सहीशिवाय त्याला कुठलाच वैमानिक घेत नाही. सर्जनसाहेब फोनवर शांतपणे म्हणाले, रुग्ण स्थिर आहे, रात्र चांगली गेली. तेही खरं होतं. मास्तरांनी सकाळी दोन घास दहीभात खाल्ला होता.

गावानं मात्र त्या दिवसांत कमाल केली. कुणी संत्र्यांची टोपली आणली, कुणी घरून मऊ पोळ्या, एक म्हातारे गृहस्थ टेबलफॅन ठेवून गेले. वार्ताहर आला. परक्या पाहुण्याला बरं करून पाठवायचं हा सगळ्यांचाच मानाचा प्रश्न झाला होता. बाई प्रत्येकाला हात जोडायला शिकल्या. मला त्या गर्दीचा राग येत होता आणि डोळ्यांत पाणीही येत होतं, दोन्ही एकदम. आपली माणसं इतकी चांगली, आणि त्यातल्या एकालाही ‘आमच्याकडे हे नाही’ एवढं वाक्य म्हणता येऊ नये?

दहीभात खाल्ला त्याच संध्याकाळी मास्तरांचा श्वास वाढला. बोलता बोलता थांबायला लागले. रात्रीतून फुप्फुसं भरत गेली, अगदी तो फोनवरचा माणूस म्हणाला होता तशी, आणि सकाळी त्यांना भूल देऊन, घशात नळी घालून यंत्राला जोडलं. यंत्र काम करत होतं. पण विजेचा दाब वरखाली व्हायला लागला की ते शिट्टी मारून थांबायचं, आणि मग भूलवाले डॉक्टर रबरी फुगा हातानं दाबत बसायचे. त्यांनी घरी जायचं सोडलं होतं. बोटं सुजली होती. ओठ पाहायचे, नखं पाहायची. नखं निळी पडत होती, ते मलाही दिसत होतं. पण यंत्रातून द्यायचा ऑक्सिजन किती वाढवायचा, दाब किती, हे रक्ताचा आकडा हाती असल्याशिवाय कसं ठरवणार? ते अंदाज करत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर्जनसाहेबांनी स्वतः म्युनिचला फोन लावला. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. इंग्रजीत म्हणाले, ‘मला मदत हवी आहे. आमच्याकडे जे आहे ते पुरत नाही.’

पलीकडून एकही दूषण आलं नाही. तो माणूस लगेच कामाला लागला. पण आता मुंबईचं छोटं विमान चालणार नव्हतं. यंत्रावरचा माणूस न्यायला आत अतिदक्षतेचं सगळं सामान आणि आपलं स्वतःचं डॉक्टर-पथक असलेलं जेट हवं, आणि त्यांच्या माहितीत ते युरोपातच होतं. ते निघायचं म्हणजे वाटेतल्या देशांवरून उडायची परवानगी, दिल्लीहून आपल्याकडे उतरायची परवानगी, मध्ये इंधन, आधी मुंबईला उतरून पासपोर्ट आणि कस्टम, कारण नागपूरला तेव्हा परदेशी विमानासाठी ती सोय नव्हती, आणि मग इकडे. आमचा सोनेगावचा विमानतळ तयार होता, धावपट्टी होती, दिवे होते. कलेक्टर कचेरीतली माणसं धावली, दिल्लीला तारा गेल्या. पण कागद माणसाच्या श्वासाच्या वेगानं हलत नाहीत.

‘येतंय का?’ बाई विचारायच्या.

‘निघालंय,’ मी सांगितलं. ते खरं होतं. जेट निघालं होतं. आखातातल्या एका विमानतळावर इंधन घेत होतं तेव्हा मास्तर गेले. त्या फोननंतर दोन दिवसांनी, भरदुपारी, खिडकीवर ओले खसचे पडदे असताना. भूलवाले डॉक्टर फुगा दाबतच होते. सर्जनसाहेबांनी त्यांच्या हातावर हात ठेवला तेव्हा थांबले.

बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याचा चष्मा टेबलावरून उचलला, पुसला आणि आपल्या पर्समध्ये ठेवला. मग मला म्हणाल्या, ‘त्या विमानवाल्यांना सांगा, परत जा.’

मी फोन केला. जेट तिथूनच परत फिरलं.

विम्याच्या त्या कागदात आणखी एक कलम असतं, ते कुणी वाचत नाही. माणूस गेला तर त्याचा देह मायदेशी पोचवायचा. तेही त्यांनी चोख केलं. मेडिकल कॉलेजात देह टिकवायचं काम झालं, त्याचा दाखला, पोलिसांचा दाखला, वकिलातीचा कागद, आतून जस्ताचा पत्रा लावून बंद केलेली पेटी. मेलेल्या माणसाला ॲम्ब्युलन्सचं विमान लागत नाही, साध्या प्रवासी विमानाच्या पोटात जागा मिळते. नागपूरहून संध्याकाळच्या विमानानं मुंबई, आणि तिथून पुढे जर्मनी.

बाईंना पोचवायला मी विमानतळावर गेले. सर्जनसाहेबही आले होते, हातात पांढऱ्या फुलांचा हार घेऊन. इस्पितळाचं बिल त्यांनी घेतलं नव्हतं, विम्याकडूनही नाही, आणि त्या दिवसांत ते कुणाशीच फार बोलत नव्हते. त्यांनी हार पेटीवर ठेवला आणि बाजूला उभे राहिले. मी त्यांच्याशी बोलले नाही. माझा राग अजून शिल्लक होता.

बाईंनी मला बोलावलं. म्हणाल्या, ‘डॉक्टरांना मला एक विचारायचंय. रागावून नाही. मला घरी गेल्यावर मुलांना सांगता यावं म्हणून. त्यांनी हात लावला म्हणून माझा नवरा पहिल्या दिवशी वाचला, हे मला माहीत आहे. पण विचारा त्यांना, ते स्वतः असे आजारी पडले असते, तर त्यांना कुठे न्यावं असं त्यांनी आपल्या माणसांना सांगितलं असतं?’

मी मराठीत विचारलं, एकही शब्द कमी-जास्त न करता.

सर्जनसाहेबांनी त्या पेटीकडे पाहिलं. हमाल ती ढकलगाडीवर चढवत होते आणि गाडीचं एक चाक करकरत होतं. मग त्यांनी बाईंकडे सरळ पाहिलं. मला वाटलं, आताही सर्व सोयी म्हणतील.

‘मुंबईले,’ ते म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही, त्यांना कळलं होतं. त्यांनी मान हलवली, सर्जनसाहेबांशी हस्तांदोलन केलं आणि विमानाकडे चालू लागल्या. त्यांच्या पुढे ती गाडी मुंबईच्या विमानाकडे चालली होती, आणि आम्ही दोघं कुंपणाजवळ ती आत चढेपर्यंत उभे होतो.